हशा कोणाच्या जिवावर?

ऑफिसात दहा-पंधरा मिनिटं बोलायची वेळ आली की बहुतेकांना सुरुवातीला एखादा किस्सा सांगावासा वाटतो. त्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. काही जण म्हणतात, थोडं हसवल्याशिवाय लोक मोबाइलमधून मान वर काढत नाहीत. काहींचं म्हणणं असं, की हल्ली कोणाला कशाचा राग येईल सांगता येत नाही, तेव्हा कामाचं बोलावं आणि खाली बसावं. या दोन्ही मतांच्या मुळाशी एकच समजूत आहे. विनोद रंगवायचा तर कोणाला तरी थोडं टोचावंच लागतं, आणि टोचणं टाळलं तर विनोद पांचट होतो, असं दोघंही धरून चालतात. ही समजूत मला पटत नाही. ऑफिसात सांगितल्या जाणाऱ्या किश्श्यांत हसू आणणारा भाग वेगळा असतो आणि लागणारा भाग वेगळा असतो. लागणारा भाग काढून टाकला की किस्सा बहुधा अधिक चांगला होतो. हे नुसतं म्हणून पटणार नाही, म्हणून एक किस्सा घेऊन तो उलगडून पाहू.

पुण्यातल्या एखाद्या विमा कंपनीची शाखा डोळ्यांसमोर आणा. तीस-पस्तीस माणसं आहेत. निम्मी मराठी, तीही कोल्हापूर, अकोला, नांदेड, ठाणे अशी चहूकडची. बाकीची बिहार, केरळ, आसाम, गुजरात, उत्तर प्रदेश इथून आलेली. प्रवासखर्चाचा नवा ऑनलाइन फॉर्म सुरू व्हायचा आहे आणि अकाउंट्समधल्या एका अधिकाऱ्यानं तो सगळ्यांना समजावून सांगायचा आहे. सुरुवातीला तो असा किस्सा सांगायचं ठरवतो: ‘आपल्याकडे बिहारचा एक मुलगा नवीन लागला होता. त्याला कामासाठी नाशिकला पाठवलं. परत आल्यावर फॉर्म भरायला बसला. फॉर्मात रकाना होता, प्रवासाचं कारण. त्यानं लिहिलं, साहेबांनी सांगितलं म्हणून!’ शेवटचं वाक्य तो बिहारी ढंगाची हिंदी करून, हेल काढून म्हणणार आहे. खोलीत हशा पिकेल याची त्याला खात्री आहे, आणि बहुधा तो पिकेलही.

आता हा हशा नेमका कशानं येतो ते पाहू. ‘प्रवासाचं कारण’ या रकान्यात काय लिहायचं हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला पाठ आहे: ग्राहकभेट, तपासणी, प्रशिक्षण, आढावा बैठक. फॉर्मला कामाचं कारण हवं असतं आणि त्या मुलानं खरं कारण लिहिलं. शिवाय ते कारण सगळ्यांचंच आहे. साहेबांनी सांगितलं म्हणून नाशिक, सोलापूर, नागपूर केलेली माणसं समोर बसली आहेत. अपेक्षित उत्तराच्या जागी अनपेक्षित पण अगदी खरं उत्तर येतं आणि ते आपल्यालाही लागू पडतं, म्हणून हसू फुटतं. या सगळ्यात ‘बिहारचा’ या शब्दाचं काम काय? काहीच नाही. तो शब्द काढा आणि हेल काढून बोलणंही काढा. ‘एकानं लिहिलं, साहेबांनी सांगितलं म्हणून.’ हसू तेवढंच येतं. मग तो शब्द तिथे असताना काय होतं? समोर बसलेल्या बिहारच्या दोघांना एवढंच कळतं, की हा वेडेपणा त्यांच्या गावाच्या नावावर टाकलाय. बाकीच्यांचं हसू त्या शब्दावाचूनही आलंच असतं, हे त्यांना कोणी सांगत नाही.

किस्सा तपासायची पहिली आणि सर्वांत उपयोगी रीत हीच. किश्श्यातला प्रांत, जात, धर्म, भाषा, गाव, बाई-पुरुष, वय, शरीर यांचा उल्लेख खोडून तो मोठ्यानं वाचा. दोनच गोष्टी होऊ शकतात. किस्सा उभा राहिला, तर तो उल्लेख फुकटचा होता; तो गेला म्हणून काही बिघडलं नाही. किस्सा कोसळला, तर त्यात विनोद नव्हताच, ऐकणाऱ्यांच्या डोक्यात आधीपासून असलेला एक शिक्का होता आणि सांगणाऱ्यानं फक्त त्याच्याकडे बोट दाखवलं होतं. मारवाडी कंजूष, सरदारजी बावळट, पुणेकर खडूस, मद्रासी सगळ्यात सांबार ओतणार, बाईला गाडी लावता येत नाही, या साच्यातले बहुतेक किस्से या दुसऱ्या गटातले. त्यातलं नाव काढलं की उरतं ते अगदी साधं वाक्य असतं: एका माणसानं भाजीवाल्याशी घासाघीस केली. त्यात हसण्यासारखं काही नसतं. अशा किश्श्याची डागडुजी होत नाही, तो सोडून द्यावा लागतो. एक सूचना मात्र हवी. उल्लेख नुसता शब्दातच असतो असं नाही, तो आवाजातही असतो. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणून एखाद्याची नक्कल केली की जातीचं किंवा गावाचं नाव न घेताही ते घेतलं जातं, आणि मराठी माणसाला ते एका क्षणात कळतं. शहरी, ‘शुद्ध’ बोलण्याची कौतुकं ऐकत लहानाचा मोठा झालेल्याला ही नक्कल निरागस वाटते. पण शाळेत याच ‘न’वरून हसं झालेला माणूस त्याच खोलीत बसलेला असू शकतो. आडनाव विचारताना होणारी गंमत, ‘कोट्या’तून आल्याची कोटी, ईशान्येकडच्या सहकाऱ्याच्या डोळ्यांवरून केलेला शेरा, यांचीही जात तीच.

आपला किस्सा पहिल्या परीक्षेतून पार झाला, पण अजून तो सांगण्याजोगा झालेला नाही. ‘बिहारचा’ गेलं तरी ‘नवीन लागलेला मुलगा’ शिल्लक आहे. तीस माणसांच्या शाखेत सध्या नवीन कोण लागलंय आणि नाशिकला कोण जाऊन आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. नाव न घेता सांगितलेल्या किश्श्यातलं नाव अशा ठिकाणी श्रोते स्वतःच भरतात. म्हणून दुसरा प्रश्न: या किश्श्यात वेडा कोण ठरतो? सध्याच्या रूपात वेडा ठरतो तो खोलीतला सर्वांत कमी पगाराचा, सर्वांत कमी ओळखीचा आणि अजून प्रोबेशनवर असलेला माणूस. त्याला उलट उत्तर देता येत नाही, उठून जाता येत नाही आणि न हसणंही परवडत नाही. पण नीट पाहिलं तर त्या प्रसंगात मुलगा वेडा नाहीच. त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं. वेडा आहे तो फॉर्म. तेव्हा विनोदाचा रोख फॉर्मकडे वळवायचा. हे वळवणं म्हणजेच किस्सा लिहिण्याचं खरं काम आहे, आणि ते तपशिलानं होतं, सौम्य शब्दांनी होत नाही.

तो असा होऊ शकेल: ‘आपल्या जुन्या फॉर्मात “प्रवासाचं कारण” नावाचा एक रकाना आहे. त्यात जेमतेम तीन-चार शब्द मावतात. समजा, एकानं प्रामाणिकपणे सगळं लिहिलं: नाशिकच्या ग्राहकाचा दावा अडला होता, मूळ कागद बघायचे होते, म्हणून गेलो. फॉर्म परत आला. शेरा: मजकूर रकान्याबाहेर गेला आहे. त्यानं थोडं कमी करून लिहिलं. पुन्हा परत. दुसऱ्यानं त्याच रकान्यात लिहिलं, साहेबांनी सांगितलं म्हणून. त्याचे पैसे तिसऱ्या दिवशी खात्यात जमा. कारण आम्ही अकाउंट्सवाले कारण वाचत नव्हतो, रकाना भरलाय का एवढंच बघत होतो. नव्या फॉर्ममध्ये हा रकाना मोठा केलाय, आणि आता आम्ही तो वाचणार आहोत.’ सांगायला मिनिटभर लागतं. काय बदललं बघा. हसू आणणारं वाक्य तेच राहिलं. ते लिहिणारा मूर्ख ठरला नाही, उलट व्यवस्था ओळखणारा ठरला. थट्टा झाली ती फॉर्मची आणि सांगणाऱ्याच्याच विभागाची. ‘समजा’ म्हटल्यामुळे हा कोण, तो कोण असं शोधायला जागा उरली नाही. आणि शेवटचं वाक्य थेट भाषणाच्या विषयावर आणून सोडतं. पहिल्या रूपातला किस्सा संपल्यावर ‘असो, तर आपण फॉर्मकडे वळू’ असं म्हणावं लागलं असतं. ज्या किश्श्यानंतर ‘असो’ म्हणावं लागतं तो किस्सा त्या भाषणाचा नसतो.

हा नुसता सभ्यतेचा आग्रह नाही, याला अभ्यासाचा आधार आहे. ब्रॅडफर्ड बिटरली, अॅलिसन वुड ब्रुक्स आणि मॉरिस श्वाइट्झर या अमेरिकी संशोधकांनी 2017 मध्ये विनोद आणि प्रतिष्ठा यांच्या संबंधावर प्रयोगांची एक मालिका प्रसिद्ध केली. विनोद जमला आणि प्रसंगाला शोभला, तर ऐकणाऱ्यांना तो करणारा अधिक आत्मविश्वासाचा आणि अधिक कर्तबगार वाटला. विनोद अनुचित होता तेव्हा मात्र बोलणाऱ्याच्या धिटाईबद्दल शंका नव्हती, पण त्याच्या कर्तबगारीबद्दलचं मत खाली आलं. ऑफिसात बोलणाऱ्यानं ही गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. टोचणारा किस्सा सांगितल्यावर ‘काय बिनधास्त बोलतो’ असं कानावर येईल आणि ती पावती खरीही असेल. त्याच वेळी ‘याच्याकडे महत्त्वाचं काम द्यावं का’ या प्रश्नाचं उत्तर बदललेलं असेल, आणि ते कोणी तोंडावर सांगणार नाही. दुसरा अभ्यास टॉमस फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 2008 सालचा. स्त्रियांविषयी ज्यांच्या मनात आधीच आकस होता अशा पुरुषांना बायकांची हेटाळणी करणारे विनोद ऐकवल्यावर स्त्रियांच्या संस्थेला मदत देण्याची त्यांची तयारी कमी झाली. तेवढ्याच हेटाळणीची विनोद नसलेली विधानं ऐकवली तेव्हा तसं झालं नाही. विनोदानं कोणाचं मत बदललं असं हा अभ्यास म्हणत नाही. इथे हे चालतं, असा परवाना तेवढा विनोदानं दिला. म्हणून ‘गंमत होती, कोणी मनावर घेत नाही’ हा बचाव अपुरा पडतो. ज्याच्यावर विनोद झाला त्यानं मनावर घेतलं नाही तरी शेजारी बसलेल्या कोणी तरी तो परवाना खिशात घातलेला असू शकतो.

आपल्याकडचा दाखलाही हाताशी आहे. मराठीतले दोन सर्वांत लाडके कारकून म्हणजे चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि पु. ल. देशपांडे यांच्या ‘असा मी असामी’तले धोंडो भिकाजी जोशी. दोघंही स्वतःची गोष्ट स्वतःच सांगतात, आणि फजिती होते ती सांगणाऱ्याची. चिमणरावांच्या घरातली गडबड असो की धोंडोपंतांना नव्या चालीरीतींनी आणलेला घाम असो, वाचक ज्याच्यावर हसतो तोच गोष्ट सांगत असतो. त्यामुळे हसणं वाचकाला जड जात नाही. हे लेखन कित्येक दशकं टिकून आहे, त्यात या बैठकीचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. ऑफिसच्या किश्श्यालाही हीच बैठक सर्वांत मानवते: माझी चूक, माझ्या विभागाची चूक, आपल्या सगळ्यांच्या कामाच्या पद्धतीतली विसंगती.

पण ‘स्वतःवर विनोद करा’ हा सल्ला सरसकट देता येत नाही, आणि मार्गदर्शनाच्या लेखांत ही बाजू फार क्वचित सांगितली जाते. शाखाप्रमुख ‘मला अजून एक्सेलमध्ये बेरीज करता येत नाही’ म्हणाले तर लोक हसतात आणि साहेब जवळचे वाटतात, कारण त्यांच्या कुवतीबद्दल कोणाला शंका नसते. तेच वाक्य सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीनं म्हटलं तर काही जण ते खरं धरतील. जोनाथन एव्हन्स आणि सहकाऱ्यांचा 2019 चा एक अभ्यास यावर प्रकाश टाकतो. दुकानाच्या व्यवस्थापकाचं भाषण लोकांना चित्रफितीतून दाखवलं. मजकूर तोच, विनोदही तेच, पण कधी बोलणारा पुरुष तर कधी स्त्री. विनोद करणाऱ्या पुरुषाचा मान ऐकणाऱ्यांच्या नजरेत वाढला, विनोद करणाऱ्या स्त्रीचा कमी झाला. तिचा विनोद कामात अडथळा आणणारा वाटला, त्याचा कामाला मदत करणारा. हा अन्याय ऐकणाऱ्यांचा आहे आणि तो दूर करायची जबाबदारीही ऐकणाऱ्यांची, त्यातही वरिष्ठांची आहे. तोवर नव्या, कनिष्ठ किंवा संख्येनं एकट्या पडलेल्या माणसानं स्वतःच्या कुवतीवर विनोद करण्यापेक्षा परिस्थितीवर करावा आणि किस्सा कामाशी इतका घट्ट बांधावा, की तो काढला तर मुद्दाच समजणार नाही. प्रवासखर्चाचा किस्सा या कसोटीला उतरतो. तो सांगणाऱ्याची हुशारी कमी करत नाही आणि त्याच्याशिवाय रकाना मोठा का केला हे कळत नाही.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: आमच्याकडे सगळे एकमेकांची चेष्टा करतात, अण्णा स्वतःच सांबारावर विनोद करतो, त्याला चालतं. त्याला चालत असेलही. पण चहाच्या टपरीवर चौघांत चालणारी चेष्टा आणि समोर उभं राहून केलेलं भाषण यांत मोठा फरक आहे. टपरीवर तो लगेच परतफेड करू शकतो, विषय बदलू शकतो, निघून जाऊ शकतो. भाषणात बोलायचा हक्क एकाकडेच असतो आणि बाकीचे बसून राहायला बांधलेले असतात. शिवाय त्याला ‘अण्णा’ म्हणण्याची पद्धत कोणी पाडली, हाही विचार करावा. बऱ्याचदा माणूस स्वतःवर आधी विनोद करतो तो इतरांनी करायच्या आत उरकून टाकावा म्हणून. त्याच्या त्या सवयीला परवानगी समजू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पु.लं.नी पुणेकर, मुंबईकर, नागपूरकर यांची मनसोक्त थट्टा केली, सगळ्यांनी ती डोक्यावर घेतली, मग आम्हीच का जिभेला कुलूप लावायचं? याचं उत्तर श्रोत्यांत आहे. त्यांचे श्रोते तिकीट काढून, हसायच्या तयारीनं आलेले होते आणि थट्टेचा रोख अशा शहरांवर होता ज्यांना आपल्या शहराचा अभिमानच होता. ऑफिसातला श्रोता हसायला आलेला नसतो, प्रवासखर्चाचा फॉर्म समजून घ्यायला आलेला असतो. बोलणारा त्याचा वरिष्ठ असेल तर वर्षअखेरीचं मूल्यमापनही त्याच्याच हातात असतं. आणखी एक फरक आहे. पुणेरी दुपारच्या झोपेचा विनोद कोथरूडकराला फार तर गुदगुल्या करतो. त्यामुळे त्याला भाड्यानं घर नाकारलं जात नाही. धर्मावरून, जातीवरून किंवा चेहरेपट्टीवरून ज्यांना घर नाकारलं गेलंय, त्यांच्यावर तसाच विनोद केला तर तो तसाच राहत नाही. विनोदाची लांबी-रुंदी तीच असते, पण तो पडतो त्या जागी आधीची जखम असते.

तिसरा आक्षेप: कायदा याला मनाई करतो का? काही बाबतींत करतो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात लैंगिक स्वरूपाचे शेरे स्पष्टपणे येतात, आणि त्याच्या व्याख्येत मोजमाप आहे ते वागणं समोरच्या स्त्रीला नकोसं होतं का याचं. तेव्हा ‘सहज बोललो’ या सबबीवर विसंबू नये. पण इतर बहुतेक विनोदांबाबत कायदा रेषा आखून देत नाही. सरदारजींवरच्या विनोदांविरुद्ध 2015 मध्ये एका शीख वकील महिलेनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. ‘सरदार’ म्हणून हसं होतं, याचा मुलांना त्रास होतो, अशी तक्रार होती. नागरिकांनी कसं वागावं याची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं न्यायालय घालून देऊ शकत नाही, असं न्यायालयानं 2017 मध्ये म्हटलं. यातून ‘मग सांगायला हरकत नाही’ असा अर्थ काढणं चुकीचं आहे. जिथे न्यायालय रेषा आखत नाही तिथे ती बोलणाऱ्यालाच आखावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

दुखावणं टाळलं तरी आणखी एक चूक राहते, आणि ती चांगल्या मनाची माणसंही करतात: काहींना किस्सा कळतच नाही. मराठी नाटकातला संवाद, जुन्या मालिकेतलं पात्र, शाळेतल्या कवितेवरची कोटी यांवर निम्मी खोली खळखळून हसते आणि उरलेली निम्मी एकमेकांकडे बघत बसते. कोणाचा अपमान झालेला नसतो, पण आपण इथले नाही ही जाणीव मात्र दिली जाते. मराठीत रंगणारा किस्सा भाषणाच्या भाषेत, मग ती हिंदी असो वा इंग्रजी, पूर्ण बोलून पाहावा. ‘साहब ने कहा इसलिए’ हे हिंदीतही तितकंच हसवतं, कारण त्यातली गंमत प्रसंगात आहे. शब्दांच्या खेळावर उभा असलेला किस्सा मराठी मंडळींसाठी राखून ठेवावा. निम्मे लोक व्हिडिओ कॉलवर असतील तर आणखी सावध राहावं. त्यांचे माइक बंद असतात, हशा ऐकू येत नाही, आणि हसू न आल्यामुळे बोलणारा घाबरून किस्सा ताणतो किंवा समजावून सांगू लागतो. तिथे वाक्य टाकून सरळ पुढे जावं. बैठकीचं रेकॉर्डिंग होतं हेही विसरू नये. त्यातला मिनिटभराचा तुकडा पुढे मागे संदर्भाशिवाय ऐकला गेला तर कसा वाटेल, हे आधीच तपासलेलं बरं.

किस्सा चुकला हे ओळखायचं कसं? शांतता पसरली तर तो निव्वळ फसला. ते फार गंभीर नाही. खरी खूण वेगळी आहे. हसण्याआधी लोकांच्या नजरा एका ठरावीक माणसाकडे वळल्या, त्याला कसं वाटतंय ते बघून मग हसू आलं, तर किस्सा त्या माणसावर गेला हे नक्की समजा. हशा फक्त बोलणाऱ्याच्या नेहमीच्या टोळक्यातून आला आणि बाकीच्यांनी वहीत डोकं घातलं, तरी तेच. अशा वेळी विनोद समजावू नये, ‘अरे गंमत केली’ म्हणू नये, आणि त्या माणसाकडे बघून ‘राग नाही ना आला?’ असं तर मुळीच विचारू नये; सगळ्यांसमोर ‘नाही’ म्हणण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. ‘हे मी बोलायला नको होतं. पुढे जाऊ या,’ एवढं म्हणावं आणि खरंच पुढे जावं. नंतर, त्याच दिवशी, त्याला एकट्याला गाठून माफी मागावी. ‘तुला लागलं असेल तर सॉरी’ या वाक्यात दोष त्याच्या हळवेपणावर ढकललेला असतो. ‘मी चुकीचं बोललो, माफ कर. पुन्हा असं होणार नाही,’ यात तो आपल्याकडे राहतो. त्यानं लगेच मोकळेपणानं हसून विषय संपवावा अशी अपेक्षाही ठेवू नये.

भाषणाच्या आदल्या दिवशी किस्सा एखाद्याला ऐकवून बघणं उत्तम, पण कोणाला आणि काय विचारायचं यात गफलत होते. ज्या समाजाबद्दल शंका आहे त्याच समाजाच्या सहकाऱ्याला गाठून ‘तुमच्या लोकांना हे चालेल ना?’ असं विचारणं हा त्याच्यावर टाकलेला भार आहे. तो काही सगळ्यांच्या वतीनं मंजुरी द्यायला बसलेला नाही. आपल्या जेवणाच्या टेबलावरही विचारू नये, तिथे सगळ्यांना आपली सवय झालेली असते. दुसऱ्या विभागातल्या, आपल्याशी फारशी घसट नसलेल्या कोणाला तरी किस्सा ऐकवा आणि ‘चालेल का?’ असं न विचारता ‘यात तू कोणावर हसलास?’ एवढंच विचारा. उत्तर ‘फॉर्मवर’ किंवा ‘तुमच्या अकाउंट्सवर’ असं आलं तर किस्सा सांगा. त्यात माणसाचं, गावाचं किंवा समाजाचं नाव आलं, किंवा उत्तर द्यायला तो घुटमळला, तर दुरुस्तीला एक संध्याकाळ तुमच्या हातात आहे. तेवढ्यात ती जमली नाही तर किस्सा गाळा आणि सरळ फॉर्मच्या पहिल्या रकान्यापासून बोलायला लागा.